गाडी किती दिवस उभी राहील?

मोटारीच्या एखाद्या मॉडेलची दीर्घकालीन विश्वासार्हता दोन गोष्टींवर ठरते. वॉरंटी संपल्यानंतर त्या गाडीत काय आणि किती वेळा बिघडते, ही पहिली. बिघडलेली गाडी किती दिवसांत पुन्हा रस्त्यावर येते, ही दुसरी. पुण्या-मुंबईत दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तरी निभावते, कारण तिथे कोणताही भाग बहुधा दोन दिवसांत मिळतो. तालुक्याच्या गावी मात्र तीच निर्णायक ठरते. क्वचितच बिघडणारी, पण बिघडली की तीन आठवडे गॅरेजच्या दारात उभी राहणारी गाडी तिथे विश्वासाची ठरत नाही.

नव्या गाडीच्या जाहिरातीत किंवा शोरूममधल्या अर्ध्या तासाच्या फेरीत यातले काही कळत नाही. पाच ते दहा वर्षांनी गाडी कशी असेल याचा अंदाज बांधायला तीन साधने आहेत: जुन्या मालकांचे अनुभव, कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावल्याचा, म्हणजे रिकॉलचा इतिहास, आणि आपल्या गावात सुटे भाग मिळण्याची स्थिती. प्रत्येक साधन काही सांगते आणि काही लपवते. म्हणून तिन्ही वेगवेगळी तपासून शेवटी एकत्र मांडावी लागतात.

मालकांचे अनुभव कसे वाचावेत

मालकांच्या अनुभवांत एक मूळचा झुकाव असतो. गाडी घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत माणूस आनंदाने बोलतो आणि मोठा बिघाड झाला की संतापाने बोलतो. ज्याची गाडी आठ वर्षे कुरकुर न करता चालली, त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो गप्प असतो. त्यामुळे तक्रारींची नुसती संख्या मोजून काही हाती लागत नाही. महिन्याला पंधरा हजार विकल्या जाणाऱ्या गाडीच्या शंभर तक्रारी आणि महिन्याला पाचशे विकल्या जाणाऱ्या गाडीच्या शंभर तक्रारी यांचा अर्थ एक नाही. दुसऱ्या गाडीच्या बाबतीत त्या तीसपट गंभीर आहेत.

संख्येपेक्षा साम्य महत्त्वाचे. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या गावांतल्या मालकांच्या अनुभवांत तोच भाग, तेच लक्षण आणि साधारण तेवढेच किलोमीटर पुन्हा पुन्हा येत असतील, तर दोष मॉडेलचा आहे असे समजायला हरकत नाही. एकाच्या गाडीचा एसी बंद पडला, दुसऱ्याची खिडकीची मोटर गेली, तिसऱ्याच्या दारातून आवाज येतो, अशा विखुरलेल्या तक्रारी प्रत्येक मॉडेलच्या असतात आणि त्यांवरून फारसे काही ठरत नाही. पण सहा जण सांगत असतील की चाळीस ते पन्नास हजार किलोमीटरच्या दरम्यान स्टेअरिंगमधून खडखड सुरू झाली आणि पूर्ण रॅक बदलावा लागला, तर ती नोंद जपून ठेवावी.

हे साम्य दिसावे म्हणून अनुभव वाचताना किंवा ऐकताना एका वहीत सहा रकाने आखणे सोयीचे पडते: गाडी बनल्याचे वर्ष, बिघाडाच्या वेळचे किलोमीटर, भाग, लक्षण, खर्च आणि गाडी किती दिवस उभी होती. शेवटचा रकाना बहुतेक जण विचारायला विसरतात. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की चित्र आपोआप दिसू लागते. किलोमीटर आणि वर्ष न सांगता केलेली स्तुती किंवा निंदा वहीत घेऊ नये.

पुढची पायरी म्हणजे झिजणारे भाग वेगळे काढणे. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि वायपर हे झिजण्यासाठीच असतात. क्लच प्लेटही त्यांतलीच. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याची प्लेट तीस हजार किलोमीटरला जाते आणि नीट चालवणाऱ्याची लाखाच्या पुढे टिकते. म्हणून एकट्यादुकट्या क्लचच्या तक्रारीचा दोष गाडीवर टाकता येत नाही. लिंक रॉड आणि सस्पेन्शनचे बुश यांचे आयुष्य रस्त्यावर अवलंबून असते. ज्या तालुक्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता उखडून टाकतात, तिथल्या गाडीचे बुश शहरातल्या गाडीपेक्षा आधी जाणार. याउलट गिअरबॉक्स, टर्बो, इंजेक्टर, एसीची कूलिंग कॉइल, इलेक्ट्रिक स्टेअरिंगचे युनिट किंवा इंजिनाचा संगणक हे भाग पाच वर्षांत जाऊ नयेत अशी रास्त अपेक्षा असते. ते अनेकांचे जात असतील, तर दोष गाडीचाच.

अनुभव कुठल्या भागातला आहे हेही पाहावे लागते. कोकणातल्या मालकाने पत्र्याच्या गंजाबद्दल सांगितलेले लातूरच्या ग्राहकाला फारसे लागू नाही, पण विदर्भातल्या मालकाने मे महिन्यातल्या एसीबद्दल सांगितलेले त्याच्या उपयोगाचे आहे. भारत स्टेज ६ मानकाच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा गाळणीसारखा भाग असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज घर ते दुकान असे दोन किलोमीटर जाणाऱ्याची गाळणी तुंबते आणि रोज हमरस्त्याने साठ किलोमीटर जाणाऱ्याची तुंबत नाही. दोघांकडे मॉडेल एकच आणि दोघेही खरेच सांगतात. त्यांपैकी कुणाचा वापर आपल्यासारखा आहे, एवढेच शोधायचे असते.

सगळ्यांत भरवशाची माहिती बहुधा पिवळ्या पाटीच्या गाड्यांकडून मिळते. खासगी मालक दहा वर्षांत जेवढे अंतर कापतो, तेवढे भाड्याची गाडी दोन-तीन वर्षांत कापते. तिच्या चालकाला बिघाड म्हणजे बुडालेले भाडे, त्यामुळे कोणता भाग कितव्या किलोमीटरला गेला आणि गाडी किती दिवस उभी होती, हे त्याला तोंडपाठ असते. एसटी स्टँडबाहेरच्या तीन-चार चालकांना वेगवेगळे विचारले आणि उत्तरे जुळली, तर ती माहिती वजनदार समजावी. एक मर्यादा मात्र आहे. या गाड्या रोज आणि लांब पल्ल्याने चालतात. उभ्या राहून होणारे बिघाड, म्हणजे बॅटरी उतरणे, उंदरांनी वायरी कुरतडणे किंवा रबर वाळणे, त्यांच्या अनुभवात सापडत नाहीत.

रिकॉलचा इतिहास कसा वाचावा

भारतात वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ च्या जुलैपासून ऐच्छिक रिकॉलची संहिता लागू केली. त्यानंतर कंपन्या स्वतःहून दोष जाहीर करू लागल्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि धोकादायक दोष असलेली वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. आदेशानुसार सक्तीने रिकॉल करावा लागल्यास कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नियम ७ वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू होतात, त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने त्याहून जुन्या वाहनाच्या बाबतीत या कायद्यावर विसंबू नये.

रिकॉल झाला म्हणजे मॉडेल वाईट, असा समज सर्रास आढळतो. रिकॉल ही दोषाची कबुली असते आणि सोबत फुकट दुरुस्तीही असते. रिकॉलच्या यादीत ज्या मॉडेलचे नावच नाही, त्याच्यात दोष नसेल, किंवा दोष असून कंपनी गप्प असेल. यांतले काय खरे, हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा मालकांच्या वहीकडे जावे लागते. तिथे एखादा सुरक्षेशी संबंधित भाग वारंवार जाताना दिसतो आणि रिकॉल मात्र नाही, असे आढळले तर ती धोक्याची खूण आहे.

रिकॉलचा आकडाही दिशाभूल करतो. २०१३ च्या जुलैमध्ये जनरल मोटर्सने शेव्हरले टवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. २००५ ते २०१३ या काळातल्या या गाड्या होत्या. आकडा प्रचंड होता, पण प्रश्न धुराच्या प्रदूषण मानकांचा होता. गाडी रस्त्यात बंद पडण्याशी त्याचा संबंध नव्हता. कंपनीच्या कारभाराबद्दल त्यातून बरेच कळले, टवेराच्या टिकाऊपणाबद्दल फारसे नाही. म्हणून किती गाड्या, या प्रश्नाच्या आधी कशासाठी, हा प्रश्न विचारायचा.

रिकॉलमध्ये नेमके काय पाहायचे, ते तिसऱ्या पिढीच्या मारुती वॅगनआरवरून चांगले कळते. ही गाडी जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आली आणि पुढे देशातल्या सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या गाड्यांत गणली गेली. तिचे चार रिकॉल पाहण्यासारखे आहेत.

पहिला ऑगस्ट २०१९ मधला. एक लिटर इंजिनाच्या ४०,६१८ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. इंधनाची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. या गाड्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनल्या होत्या. दुसरा रिकॉल जुलै २०२० मधला, इंधन पंपासाठी. त्यात मारुतीच्या एकूण १,३४,८८५ गाड्या होत्या. त्यांपैकी ५६,६६३ वॅगनआर होत्या आणि बाकीच्या बलेनो. यातल्या वॅगनआर १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ मधल्या. तिसरा ऑक्टोबर २०२२ मधला. वॅगनआर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्यांच्या मागच्या ब्रेकमधल्या पिनमध्ये दोष असू शकतो म्हणून त्या बोलावल्या. त्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या महिनाभरात बनल्या होत्या. चौथा मार्च २०२४ मधला. पुन्हा इंधन पंपाचीच मोटर. ४,१९० वॅगनआर आणि ११,८५१ बलेनो, ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या.

वरवर पाहणाऱ्याला चार रिकॉल म्हणजे चार काळे डाग वाटतील. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की वेगळे चित्र दिसते. चारपैकी तीन रिकॉल पहिल्या वर्षभरात बनलेल्या गाड्यांचे आहेत. चौथा फक्त एका महिन्याच्या गाड्यांचा, म्हणजे पुरवठादाराकडून आलेल्या सदोष मालाच्या एखाद्या खेपेसारखा दिसतो. गाडीच्या मूळ रचनेत खोट असती, तर रिकॉल वर्षानुवर्षांच्या उत्पादनाला लागला असता. जानेवारी २०२१ मध्ये बनलेली वॅगनआर या चारही रिकॉलच्या बाहेर आहे. पहिल्या वर्षाची वॅगनआर घेणाऱ्याला मात्र इंधन पंपाबद्दल दोनदा विचारावे लागेल, कारण ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१९ मधली गाडी दोन्ही पंप-रिकॉलच्या काळात येऊ शकते. तोच भाग दुसऱ्यांदा यादीत येणे ही लक्षात ठेवण्याजोगी खूण आहे.

यावरून एक व्यवहारी नियम निघतो. नव्या पिढीच्या गाडीचे पहिले वर्ष शक्यतो टाळावे, आणि जुनी गाडी घेताना नोंदणीची तारीख न पाहता बनल्याचा महिना पाहावा. नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेली गाडी फेब्रुवारी २०२० मध्ये विकली गेलेली असू शकते. बनल्याचा महिना आणि वर्ष आरसी पुस्तकावर असते. तिथलाच चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगून त्या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का हे विचारता येते. पहिल्या मालकाने पत्ता बदलला, गाडी दोन हात फिरली, की कंपनीचे पत्र पोचत नाही आणि फुकट बदलून मिळणारा भाग तसाच राहून जातो. हे काम सौदा ठरण्याआधी करायचे.

रिकॉलमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. एकाच कारखान्यातला सुटा भाग अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसतो, आणि एकच गाडी दोन नावांनी विकली जाते. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात बलेनो, त्यामुळे बलेनोच्या पंपाची बातमी वाचणाऱ्याने ग्लान्झाकडेही बघायचे असते. जपानी कंपनी ताकाताच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर अनेक कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात होंडाने त्यासाठी सिटी, जॅझ, अकॉर्ड अशा जुन्या गाड्या अनेक टप्प्यांत बोलावल्या. दहा-बारा वर्षांपूर्वीची होंडा सिटी आजही हातोहात विकली जाते. ती घेणाऱ्याने एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलला आहे की नाही हे न विचारता घेऊ नये, कारण तो दोष जिवावर बेतणारा होता.

सुटे भाग: गावातल्या काउंटरवरची परीक्षा

सुटा भाग कारखान्यातून कंपनीच्या गोदामात येतो, तिथून वितरकाकडे जातो आणि वितरकाकडून जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदार तोच माल भरतो, जो महिन्याभरात उठेल. म्हणून गावातल्या दुकानाचे कपाट म्हणजे त्या परिसरात कोणत्या गाड्या फिरतात याची हुबेहूब यादी असते. बोलेरोचा किंवा अल्टोचा भाग लहान बाजारगावातही कपाटातून निघतो. जिल्ह्यात वीस-पंचवीसच फिरणाऱ्या गाडीचा भाग ऑर्डर टाकून मागवावा लागतो, निम्मे पैसे आधी भरावे लागतात आणि पार्सल येईपर्यंत गाडी उभी राहते.

यात कंपन्यांच्या धोरणाचाही वाटा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे या कंपन्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्राशिवाय पर्याय उरत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या, पण आयोगाने दाखवलेली अडचण तालुक्याच्या मेकॅनिकला रोज भेटते. भाग हातात असतो, पण नवे युनिट गाडीच्या संगणकाला ओळखू देण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर त्याच्याकडे नसते. मग गाडी टो करून जिल्ह्याला न्यावी लागते.

सुट्या भागांचे चार गट करून पाहिले तर गोंधळ होत नाही. पहिला गट तेल, फिल्टर, ब्रेक पॅड यांचा. हे जवळजवळ प्रत्येक गाडीचे कुठेही मिळतात, त्यांवरून काहीच ठरवू नये. दुसरा गट क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, बुश यांचा. हे भाग कंपनीला पुरवणारे उत्पादक स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. उदाहरणार्थ, शॉकअब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल. त्यामुळे खपाच्या गाडीसाठी ते कंपनीच्या डब्याशिवायही चांगल्या प्रतीचे मिळतात. तिसरा गट बंपर, हेडलाइट, फेंडर, दारे आणि काचा यांचा, आणि चौथा सेन्सर, एबीएसचे युनिट, इंजिनाचा संगणक, इलेक्ट्रिक स्टेअरिंग यांचा. खरी परीक्षा या शेवटच्या दोन गटांत होते.

तिसऱ्या गटाचे महत्त्व फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाने दाखवून दिले. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात हे इंजिन बनत असे, आणि मारुतीही परवान्याखाली ते बनवत असे. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, ब्रेझा, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि झेस्ट, फियाटची पुंटो, अशा कितीतरी गाड्यांच्या पोटात तेच इंजिन होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाल्यावर त्याची भारतातली कारकीर्द संपली. तरी आजही तालुक्याच्या मेकॅनिकला हे इंजिन डोळे मिटून खोलता येते आणि त्याचे पुष्कळसे भाग दुकानात असतात.

मग पुंटो आणि स्विफ्ट यांच्यात फरक काय राहिला? इंजिनाच्या बाबतीत फारसा नाही. त्यातही ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या आवृत्त्यांचे टर्बो वेगळे आहेत, एवढे लक्षात ठेवावे लागते. पण पुंटोचा हेडलाइट स्विफ्टला बसत नाही. गायीला धडकून पुंटोचा बंपर, दिवा आणि फेंडर गेले, तर इंजिन ठणठणीत असूनही गाडी उभी राहते, कारण फियाटने भारतात गाड्या विकणे बंद केले आणि गावातल्या दुकानदाराला ते भाग ठेवण्याचे कारण उरले नाही. मालक मग मुंबईत कुर्ल्याच्या किंवा दिल्लीत मायापुरीच्या जुन्या भागांच्या बाजारात फोन करत बसतो. स्विफ्टचे तेच भाग जिल्ह्याला मूळ कंपनीचेही मिळतात आणि स्वस्तातले ‘लोकल’ही. चांगले इंजिन असलेली गाडी पत्र्यामुळे अनाथ होते, ती अशी.

कंपनीच निघून गेली तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवण्याची घोषणा केली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले गाड्यांचे उत्पादन बंद करण्याची. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस आणि सुटे भाग चालू राहतील असे सांगितले होते. पण भाग देशात कुठेतरी मिळणे आणि आपल्या जिल्ह्यात वेळेत मिळणे यांत अंतर असते. विक्रेते कमी झाले की जिल्ह्याचे वर्कशॉप आधी बंद होते आणि ग्राहकाला पुढच्या मोठ्या शहराचा रस्ता धरावा लागतो. म्हणून कंपनी किती मोठी यापेक्षा ते मॉडेल आपल्या भागात किती खपले, याला जास्त वजन द्यावे.

एक नमुना परीक्षा

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणापासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या गावातल्या एका ग्राहकाला पाच वर्षांची जुनी गाडी घ्यायची आहे आणि त्याच्यापुढे दोन मॉडेल आहेत. पहिले सर्वत्र दिसणारे. दुसरे चालवायला अधिक सुखद, पण जिल्ह्यात मोजकेच. दोन्हींच्या किमती सारख्याच.

ग्राहकाने दहा भागांची यादी करायची: क्लच प्लेट, पुढचा शॉकअब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, रेडिएटर, पुढचा बंपर, हेडलाइट, डाव्या दाराचा आरसा, समोरची काच, एसीची कूलिंग कॉइल आणि एबीएसचा सेन्सर. यादी घेऊन गावातल्या दोन दुकानांत जायचे आणि प्रत्येक भागाबद्दल तेच विचारायचे: आज मिळेल का, नाहीतर किती दिवसांत, आणि पैसे आधी भरावे लागतील का? मॉडेल, वर्ष आणि इंजिन नीट सांगावे, नाहीतर दुकानदार जवळपासच्या मॉडेलचा भाग गृहीत धरून हो म्हणतो. ‘मिळेल की’ हे उत्तर धरायचे नाही, दिवस विचारायचे. मग तीच यादी जिल्ह्याच्या अधिकृत वर्कशॉपला फोनवर वाचून दाखवायची.

समजा, पहिल्या मॉडेलचे दहापैकी सात भाग त्याच दिवशी मिळतात आणि तीन भाग दोन-तीन दिवसांत. दुसऱ्याचे तीन भाग त्याच दिवशी, चार आठवड्याभरात, आणि हेडलाइट, कूलिंग कॉइल व एबीएसचा सेन्सर पंधरा ते पंचवीस दिवसांत. आता मालकांच्या अनुभवांची वही शेजारी ठेवायची. पहिल्या मॉडेलच्या वहीत पाच वर्षांत सरासरी चार किरकोळ बिघाड दिसतात: लिंक रॉड, बेअरिंग, खिडकीची मोटर आणि एखादा सेन्सर. दुसऱ्याच्या वहीत फक्त दोन, पण त्यांपैकी एक कूलिंग कॉइल आहे.

बिघाड मोजले तर दुसरी गाडी जिंकते, दोनास चार. उभे राहिलेले दिवस मोजले तर पहिली गाडी पाच वर्षांत पाच-सहा दिवस उभी राहते आणि दुसरी एका कूलिंग कॉइलसाठीच वीस दिवस, तेही बहुधा उन्हाळ्यात. या ग्राहकाकडे दुसरे वाहन नसेल, तर त्याच्यासाठी पहिली गाडी अधिक विश्वासार्ह आहे. तोच ग्राहक पुण्यात राहत असता, तर कॉइल दोन दिवसांत मिळाली असती आणि निर्णय उलटा लागला असता. विश्वासार्हता गाडीच्या अंगात जेवढी असते, तेवढीच ती गाडी जिथे चालते त्या गावातही असते.

रिकॉलचा इतिहास या हिशेबात शेवटी येतो आणि वेगळे काम करतो. दिवसांच्या बेरजेत तो धरायचा नाही, चाळणी म्हणून वापरायचा. निवडलेल्या गाडीच्या बनल्याच्या महिन्याला ब्रेक, स्टेअरिंग, इंधन किंवा एअरबॅगचा रिकॉल लागू असेल आणि तो पूर्ण झाल्याची नोंद नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत सौदा थांबवायचा. पूर्ण झाला असेल, तर त्याला घाबरण्याचे कारण नाही.

या पद्धतीच्या मर्यादा

तीन वर्षांपेक्षा नव्या मॉडेलला ही पद्धत नीट लागू होत नाही, कारण वहीत लिहायला नोंदीच नसतात. चेहरा बदललेल्या गाडीत इंजिन किंवा गिअरबॉक्स नवा असेल, तर जुन्या नोंदींचा तेवढा भाग बाद होतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीला त्याच मॉडेलच्या साध्या गिअरच्या गाडीचे अनुभव लावू नयेत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत झिजणारे भाग कमी असले, तरी बॅटरी आणि तिचे नियंत्रण करणारे युनिट पूर्णपणे चौथ्या गटातले आहे. त्यामुळे जिल्ह्यात तिचे प्रशिक्षित वर्कशॉप आहे का, हा प्रश्न दहा भागांच्या यादीच्याही आधी येतो.

शेवटची मर्यादा एकेका गाडीची आहे. ही सगळी तपासणी मॉडेलबद्दल सांगते, समोर उभ्या असलेल्या गाडीबद्दल नाही. चांगल्या मॉडेलची पुरात बुडालेली किंवा काटा मागे फिरवलेली गाडी वाईटच असते. म्हणून वही, दुकानातली यादी आणि रिकॉलची चौकशी पूर्ण झाल्यावरही गाडी लिफ्टवर चढवून ओळखीच्या मेकॅनिककडून खालून तपासून घ्यावी लागते आणि सर्व्हिसच्या नोंदी काट्याशी ताडून पाहाव्या लागतात.